आरंभीची शिल्लक

२०२५ साल लागलं त्या सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहा-बारा जणांनी एकच निरोप पुढे ढकलला. हे वर्ष म्हणजे ४५ चा वर्ग, आणि ४५ म्हणजे एकपासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीज. त्याच नऊ अंकांचे घन करून मिळवले, तरी पुन्हा २०२५ च. खाली फटाके, फुलं, जोडलेले हात. मी तो निरोप नानांना वाचून दाखवला. नाना म्हणजे माझे वडील, वय पंच्याऐंशी, मुक्काम जन्मापासून शनिवार पेठ. त्यांनी चहा बशीत ओतला, थोडा वेळ नुसते ओठ हलवले आणि विचारलं, "आणि आठालाच थांबलं तर?"

आठपर्यंतची बेरीज ३६. तिचा वर्ग १२९६.

"बाराशे शहाण्णव," नाना म्हणाले. "माउलींचं साल."

खरंच की. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदीची समाधी. इसवी सनात १२९६. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेही त्याच साली. म्हणजे असं साल याआधी आलं ते तेव्हा, मग थेट परवा, आणि यापुढचं येईल ३०२५ मध्ये. मी म्हटलं, "नाना, हा योगायोग आहे हं." त्यावर ते म्हणाले, "मी कुठं काय म्हणालो?" आणि पेपर उघडून बसले.

पण सालांचा योगायोग असला तरी बेरजेचा नाही. घन मिळवत गेलं की दर पावलाला वर्गच निघतो: १, ९, ३६, १००, २२५, ४४१. वर्गांचं असं होत नाही, एक आणि चार मिळून पाच होतात, आणि पाच हा कुणाचाच वर्ग नाही. पाचव्या घातांचंही नाही, कारण १ आणि ३२ मिळून ३३ होतात आणि गाडी दुसऱ्याच स्टेशनात अडते. घनांचंच असं का, हे मला साठी उलटेपर्यंत कळलेलं नव्हतं. सिद्धता मात्र अकरावीपासून येत होती. येत होती म्हणजे पाठ होती.

माझ्या भावाची मुलगी ईरा आता अकरावीला आहे. महिन्याभरानं ती वही घेऊन आली. "आत्या, तो तुमचा नववर्षाचा फॉरवर्ड आम्हाला अभ्यासाला आहे." वहीत वर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं:

1³ + 2³ + 3³ + … + n³ = (n(n+1)/2)²

कंसातली n(n+1)/2 ही n पर्यंतच्या अंकांची साधी बेरीज. n च्या दुसऱ्या घाताची ती राशी आहे, आणि घनांची बेरीज म्हणजे तिचा पूर्ण वर्ग. सिद्ध करायचं ते इंडक्शननं. मराठीत त्याला गणिती विगमन म्हणतात, पण आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

ईरानं पहिली पायरी नीट केली होती: n = 1 ला दोन्हीकडे एक. मग k पर्यंत सूत्र खरं मानलं, त्यात पुढचा घन मिळवला, आणि मग तिथं ती सगळे कंस सोडवत गेली होती. अर्धं पान भरून झाल्यावर हाती आलं हे:

(k⁴ + 6k³ + 13k² + 12k + 4)/4

त्याखाली घाईघाईनं "म्हणून डावी बाजू = उजवी बाजू". मी विचारलं, हे उजव्या बाजूइतकं कसं झालं? ती म्हणाली, "होतंच ना. सूत्रच तसं आहे."

मला हसू आलं, कारण माझ्या अकरावीच्या पेपरात मी हेच केलं होतं, वर आणखी आगाऊपणा करून. मी सिद्ध करायची ओळच सुरुवातीला लिहिली, दोन्ही बाजूंना सारख्याच उलाढाली केल्या, शेवटी शून्य बरोबर शून्य आलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सरांनी त्या शून्यावर लाल गोल केला होता. जे दाखवायचं तेच धरून चाललं तर शेवटी काहीतरी खरं निघतंच. दोन बरोबर तीन धरलं आणि दोन्ही बाजूंना शून्यानं गुणलं, तरी शून्य बरोबर शून्य निघतं.

ईराची चूक माझ्याइतकी वाईट नव्हती. तिची पाच पदांची राशी बरोबर होती, आणि ती k² + 3k + 2 चा वर्ग भागिले चार आहे, याचा गुणून ताळा करता येतो. k² + 3k + 2 म्हणजे (k+1)(k+2). पण एवढं सोडवून बसल्यावर हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कंस सोडवायचेच नाहीत. जमलेल्या बेरजेत (k+1)² आहे, नव्या घनातही आहे, तो बाहेर काढायचा:

k²(k+1)²/4 + (k+1)³ = (k+1)² [k²/4 + (k+1)]

चौकोनी कंसात राहिलं (k² + 4k + 4)/4, म्हणजे (k+2)²/4. झालं. k च्या सूत्रात k च्या जागी k+1 घातलं की जे यायला हवं, तेच आलं.

ईरा काही खूश झाली नाही. "क्लासमध्येपण हेच सांगितलं. बाहेर काढा. का बाहेर काढायचं? तर काढलं की सुटतं." वही मिटता मिटता ती पुढे म्हणाली, "आणि हे सगळं उत्तर आधी माहीत असेल तरच. उत्तर कुठून आणायचं, ते कुणी सांगतच नाही."

दोन्ही तक्रारी रास्त होत्या. त्यातल्या पहिलीला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. पण इंडक्शन नेमकं काय तपासतं, ते मला सांगता येत होतं, कारण तीस वर्षं मी पोटासाठी तेच केलं.

मी एका बँकेत लेजरवर होते. संगणक यायच्या आधीचा काळ. खात्याच्या पानावर वरून ओढलेली बाकी, त्यात आजची जमा, आणि नवी बाकी. दुसऱ्या दिवशी तपासणारा काय करायचा? कालची बाकी बरोबर आहे असं धरायचा, आजची जमा मिळवायचा, नवी बाकी जुळली की हिरवी टिक मारायचा. कालची बाकी खरंच बरोबर होती का, हा त्याचा प्रश्नच नव्हता, त्यावर कालची टिक होती. ईराच्या वहीतली "k साठी खरं मानू" ही ओळ म्हणजे तेवढंच. सूत्र म्हणतं की k व्या दिवशी बाकी इतकी असेल, आज भरणा झाला (k+1)³ चा, तर संध्याकाळची बाकी सूत्राप्रमाणे येते की नाही? ही एक टिक कुठल्याही k ला लागू पडते. रोजची वेगळी मारावी लागत नाही, एवढाच आमच्या कामाहून फरक.

आता गंमत बघ, मी तिला म्हटलं, आणि सूत्राच्या शेवटी पाच मिळवले. समजा कुणी छातीठोकपणे सांगितलं की घनांची बेरीज म्हणजे (n(n+1)/2)² + 5. यावर तीच k ची पायरी कर. ईरानं केली. कालच्या बाकीत पाच जास्त, आजचा घन मिळवला, संध्याकाळच्या बाकीतही पाच जास्त. टिक बसली. तिनं पुन्हा केली, पुन्हा बसली. सूत्र धडधडीत खोटं आणि पायरी अगदी निर्दोष.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. एका शाखेत जुनं लेजर भरलं म्हणून नवं उघडलं, तेव्हा एका खात्याची बाकी पुढे ओढताना कुणीतरी पाच रुपये जास्त लिहिले. त्यानंतर चार महिने त्या पानावरची एकूण एक टिक बरोबर होती, कारण रोजची बेरीज बरोबरच होती. सापडलं ते सहामाही बॅलन्सिंगला, सगळ्या खात्यांच्या बाक्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळेना तेव्हा. आम्ही तिघी रात्री नऊपर्यंत शाखेत बसून रोजच्या जमा-नावे पुन्हा पुन्हा मिळवत होतो, आणि चूक होती पानाच्या पहिल्या ओळीत, जिथं कुणी बघतच नव्हतं. n = 1 ही ती पहिली ओळ, आरंभीची शिल्लक. पोरं ती अर्ध्या सेकंदात लिहून टाकतात, कारण एक बरोबर एक यात दाखवण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटतं. पाचवाल्या सूत्राला ती विचारली तर एक बरोबर सहा येतं आणि तिथंच पितळ उघडं पडतं.

ईराला उलटी बाजूही सुचली: पहिल्या चार-पाच ओळी जुळल्या तर बाकी कशाला तपासायचं? मी तिला सूत्रात (n−1)(n−2)(n−3)(n−4) मिळवायला सांगितलं. एक ते चारपर्यंत ही भर शून्य आहे, सूत्र तंतोतंत जुळतं. पाचाला २२५ च्या जागी २४९ येतात. म्हणजे कितीही ओळी ताडून पाहिल्या तरी मधल्या पायरीचं काम होत नाही, आणि मधली पायरी कितीही चोख असली तरी पहिल्या ओळीचं काम होत नाही.

"पटलं," ती म्हणाली. "पण घनच का, ते नाही पटलं."

ते सापडलं नानांच्या कपाटावर. खरं म्हणजे त्यांच्या उजळणीत. ईराच्या लहानपणी आणलेली ती पातळ चोपडी नानांनी जपून ठेवली आहे, आणि अजून दुपारी झोप लागेना की ते पावकी-निमकीवर बोट फिरवत बसतात. ईरा त्यांच्याशेजारी बसून तिच्या तक्रारी सांगत होती. नानांना इंडक्शन वगैरे काही माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं की एक ते दहा हे दहाही पाढे सगळे मिळवले तर किती होतात.

एकाचा पाढा मिळवला तर ५५. दोनाचा त्याच्या दुप्पट, तिनाचा तिप्पट. म्हणजे ५५ च्या एकपट ते दहापट, एकूण ५५ गुणिले ५५. ईरा क्षणभर थांबली. "३०२५." तेच पुढचं साल. पाढ्यांच्या तक्त्यातल्या शंभर घरांची बेरीज हा आपोआपच एक वर्ग आहे, अंकांच्या बेरजेचा वर्ग. सूत्राची उजवी बाजू तक्त्यात बसलेली होती. डावी बाजू कुठे होती?

तिनं कागदावर चारपर्यंतचा तक्ता काढला.

१ २ ३ ४
२ ४ ६ ८
३ ६ ९ १२
४ ८ १२ १६

आणि मग, मी काही न बोलता, पेन्सिलनं कोपरे आखले. वरच्या डाव्या टोकाला एकटा १. त्याला वेढून २, ४, २, ज्यांची बेरीज ८. त्याला वेढून ३, ६, ९, ६, ३, म्हणजे २७. त्याबाहेर ४, ८, १२, १६, १२, ८, ४, म्हणजे ६४. प्रत्येक कोपरा एकेक घन. तक्ता आडवा-उभा मिळवला तर वर्ग येतो, कोपऱ्या-कोपऱ्यानं मिळवला तर घन येतात, आणि घरं तीच. मी चाळीस वर्षांहून जास्त काळ जे पाठ म्हणत होते, ते पाढ्यांच्या तक्त्यात पहिलीपासून माझ्यासमोर होतं. मला थोडा रागच आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

ईरा मात्र लगेच म्हणाली, "चारपर्यंत जुळलं. (n−1)(n−2)(n−3)(n−4)." शाबास. चार कोपरे जुळले म्हणजे सगळे जुळले असं नाही, तिचं तिनंच मला ऐकवलं. मग आम्ही k बाय k चा तक्ता मनात धरून त्याला बाहेरून नवा कोपरा चिकटवला. कोपऱ्याच्या उभ्या बाजूला (k+1) च्या पाढ्यातली पहिली k घरं: (k+1) गुणिले एकपासून k पर्यंतची बेरीज, म्हणजे (k+1)·k(k+1)/2. आडव्या बाजूलाही तेवढंच. दोन्ही मिळून k(k+1)². टोकाच्या घरात (k+1) गुणिले (k+1). सगळं मिळून:

k(k+1)² + (k+1)² = (k+1)³

आता हे वहीतल्या सिद्धतेशेजारी ठेवलं. (k+1)² बाहेर का काढायचा? कारण नव्या कोपऱ्याच्या प्रत्येक तुकड्यात तो आहे. ती सुटण्याची युक्ती नाही, तो कोपऱ्याचा सांधा आहे. कालचा तक्ता म्हणजे k ची बाकी, चिकटवलेला कोपरा म्हणजे आजचा भरणा, आणि उद्याचा मोठा तक्ता पुन्हा चौरस. कंस सोडवून पाच पदं केली की हिशोब चुकत नाही, पण सांधा मोडतो आणि चौरस दिसेनासा होतो. पाचव्या घातांना असा कोपरा नाही: दोनाचा कोपरा ८ चा आहे, त्याला ३२ कुठून पुरणार?

दुसऱ्या तक्रारीचं, उत्तर कुठून आणायचं याचं, तिला निम्मंच उत्तर मिळालं. इंडक्शन सूत्र शोधून देत नाही, आणलेलं सूत्र फक्त तपासून देतं. आणणाऱ्यांनी ते फार पूर्वी आणलेलं आहे. आर्यभटानं ४९९ सालच्या आर्यभटीयात गणितपादाच्या बाविसाव्या श्लोकात ते दोन शब्दांत सांगितलं: चितिवर्गो घनचितिघनः. चिति म्हणजे रचलेली रास. साध्या अंकांच्या राशीचा वर्ग म्हणजे घनांची रास. कारण दिलेलं नाही, श्लोकात तेवढी जागाही नाही. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्य हाच नियम सांगतात आणि तो आपल्या नावावर घेत नाहीत: "उदाहृतमाद्यैः", आधीच्यांनी सांगितलेला. त्यापुढचं उदाहरण आहे एकपासून नऊपर्यंतच्या घनांच्या बेरजा काढण्याचं. उत्तरात क्रमानं १ पासून १२९६ पर्यंत आठ बेरजा आणि शेवटी नववी, २०२५. आमच्या ग्रुपवरचा निरोप जवळजवळ नऊशे वर्षं जुना निघाला. लीलावतीची टीकांसह छापलेली एक प्रत अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमानं १९३७ मध्ये काढली होती. आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं अंतर. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग एवढा वेळ काय करत होतात?"

चिति हा शब्द ईराच्या डोक्यात राहिला असावा. रविवारी ती घोटीव कागद आणि कात्री घेऊन आली. तिचं म्हणणं असं की अंक नकोत, फरशा हव्यात. तक्त्यातलं ६ म्हणजे दोन बाय तीनचा तुकडा समजायचा. उभे-आडवे पट्टे १, २, ३, ४ रुंदीचे घेतले की सगळा तक्ता म्हणजे एक चौरस अंगण होतं, आणि तिनाचा कोपरा म्हणजे तीन रुंदीची पट्टी. २७ म्हणजे तीन बाय तीनच्या तीन फरशा, त्या पट्टीत बसायलाच हव्यात.

एकाची फरशी वरच्या डाव्या टोकाला ठेवली. दोनाच्या पट्टीला दोन बाय दोनच्या दोन फरशा हव्यात. एक टोकाला बसली, पण बाजूंना जागा एक बाय दोनचीच. दुसरी फरशी मधोमध कापून अर्धी इकडे, अर्धी तिकडे लावावी लागली. तिनाला काही अडलं नाही, तीनही फरशा अखंड बसल्या. चाराला बाजूची लांबी सहा, म्हणजे दीड फरशी. पुन्हा एक कापली. नाना खुर्चीतून बघत होते. गवंडी पण हेच म्हणाला होता, ते म्हणाले, वाड्याच्या ओसरीला शहाबादी घालताना. एक फरशी कापावी लागेल म्हणाला होता.

ईरानं कागदाच्या कडेला लिहिलं: बाजूची लांबी k(k+1)/2, फरशी (k+1) ची, म्हणजे एका बाजूला k/2 फरशा. दोन बाजूंच्या k, टोकाची एक. k+1. मग तिनं पिवळा कागद घेतला आणि पाचाच्या पाच फरशा आखायला लागली. "याला कात्री नाही लागणार," ती म्हणाली. "सहाला लागेल."